पहिल्या दसऱ्याला पाया पडताना: कोल्हापूरच्या घरात नव्यानं आलेल्यांसाठी

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला येणाऱ्या नव्या सुना-जावयांची दरवर्षी तीच तारांबळ उडते. कुणी गुडघ्याला हात लावल्यासारखं करून पुढं सरकतं. कुणी सोप्यातल्या सगळ्यांच्या पाया पडतं आणि आतल्या खोलीत पलंगावर बसलेली आजी राहून जाते. कुणी ‘असू दे, असू दे’ ऐकून अर्ध्यातूनच उभं राहतं. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना विषय निघतोच.

माझ्या चुलतबहिणीचा नवरा कानपूरचा. पहिल्या दसऱ्याला तो शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आला, सासूबाईंना म्हणजे माझ्या काकूंना हात जोडून नमस्कार केला आणि खुर्चीत बसला. त्यांच्या घरी जावई सासू-सासऱ्यांच्या पाया पडत नाही, उलट सासरचेच जावयाच्या पायाला हात लावतात. मुलगीही आईवडिलांच्या पाया पडत नाही. आमच्याकडं लेकही पडते आणि जावईही पडतो. त्याचं वागणं त्याच्या घरच्या हिशेबानं बरोबरच होतं. काकू मात्र रात्री एवढंच म्हणाल्या, “जावईबापू जरा लांब लांबच होते न्हवं?” पुढच्या दसऱ्याआधी मी त्याला जे सांगितलं, तेच इथं क्रमानं लिहितेय.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. पाया पडण्याचे दोन भाग असतात. तुम्ही वाकता हा पहिला, आणि समोरचं माणूस तुमच्या डोक्यावर किंवा पाठीवर हात ठेवून आशीर्वाद देतं हा दुसरा. बहुतेक चुका दुसरा भाग पुरा होऊ न दिल्यानं होतात.

## टप्पा १: घरातून निघण्याआधी

पहिलं काम म्हणजे नवऱ्याला किंवा बायकोला शेजारी बसवून नात्यांची यादी करून घेणं. नुसती नावं नकोत, नातं आणि हाक दोन्ही विचारा. आबा कोण, तात्या कोण, आक्का म्हणतात ती आत्या की मोठी बहीण, आणि दाजी कुणाला म्हणायचं. कोल्हापुरात बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, आणि मोठ्या नणंदेचा नवरा, म्हणजे घरचे दाजी, वयानं तुमच्याएवढेच असले तरी त्यांच्या पाया पडायचं असतं. इथं वयापेक्षा नातं मोठं. चुलतसासू तुमच्याहून दोन वर्षांनी लहान असू शकते, तरी ती सासूच. उलट धाकटा दीर तुमच्याहून मोठा असला तरी त्याच्या पाया पडायचं नाही, त्यानं तुमच्या पडायचं.

दोन प्रश्न आणखी विचारून ठेवा. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का? आणि भावकीत कुणाला सुतक आहे का? ही दोन उत्तरं नसली की हमखास फजिती होते. का, ते पुढं येईलच.

कपडे असे हवेत की वाकताना सावरत बसावं लागू नये. साडीची सवय नसेल तर पदर खांद्याला पिन लावून घ्या, नाहीतर वाकल्याबरोबर तो समोरच्याच्या पायावर पडतो. काही मराठा घरांत सुनेनं डोक्यावर पदर घेऊन, पदराचं टोक दोन्ही हातांत धरून तीनदा वाकायची रीत आहे. तुमच्या घरात ती आहे का, हे सासूलाच सरळ विचारा. विचारलेलं त्यांना आवडतं, चुकलेलं मात्र लक्षात राहतं.

सोनं म्हणजे आपट्याची पानं. ती सकाळीच घेऊन ठेवा, कारण संध्याकाळी सीमोल्लंघनाच्या वेळी दसरा चौकाकडचे रस्ते माणसांनी भरलेले असतात. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि खरखरीत, तर कांचनाचं मोठं आणि मऊ. कांचन दिलं म्हणून कुणी परत करणार नाही, पण एखादे आबा पान उजेडात धरून बघतात, एवढं खरं.

तपासा: मोबाइल खिशात, पर्स खांद्याला, गाडीची चावी आत. पाया पडताना दोन्ही हात मोकळे हवेत. पानांची जुडी डाव्या हातात असली तर चालते, पण देताना ती उजव्या हातानंच.

## टप्पा २: उंबऱ्यापासून देवघरापर्यंत

चपला बाहेर काढा. पाय धुवायला पाणी दिलं तर धुवून घ्या. आत शिरल्या शिरल्या सोप्यात बसलेल्यांच्या पाया पडायला सुरुवात करू नका. सगळ्यांकडं बघून एकदा हात जोडा, “आलो” म्हणा आणि आधी देवघरात जा. देवापुढं दोन पानं ठेवून नमस्कार करा. पुढं कुणाचा मान आधी, या वादातून तुम्ही इथंच सुटता, कारण देवानंतर घरातलं सर्वांत मोठं माणूस, हे सगळ्यांनाच मान्य असतं.

सर्वांत मोठं माणूस बहुतेक वेळा सोप्यात नसतं, ते आत असतं. थोरली आजी स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसलेली असते, किंवा आतल्या खोलीत. “आजी कुठं हाईत?” असं विचारून तिच्याकडं आधी गेलात तर निम्मं काम झालं.

इशारा: आजी विधवा असेल तर काही नवखी माणसं बिचकतात. दसऱ्याचा सण, हळदीकुंकवाचं वातावरण, मग हिच्या पाया पडावं की नाही असं त्यांना वाटतं. पडायचंच, आणि सर्वांत आधी पडायचं. विधवांच्या वाट्याला येणाऱ्या असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव 2022 साली आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं केला. त्याच जिल्ह्यातल्या घरात आजीला वगळून पुढं जाणं बरं दिसत नाही.

## टप्पा ३: प्रत्यक्ष वाकणं

इथं घाई होते, म्हणून सावकाश सांगते.

समोरच्यापासून दीड-दोन फुटांवर थांबा. जवळ जाऊन वाकलं की डोकं त्यांच्या पोटाला लागतं, लांबून वाकलं की हात पोचत नाही आणि तोल जातो. त्यांच्या चेहऱ्याकडं एकदा बघा आणि “आजी, पाया पडतो” म्हणा. हे बोलणं फार उपयोगाचं असतं. म्हातारं माणूस सावध होतं, पाय जुळवतं, हातातला चहाचा कप बाजूला ठेवतं. न बोलता एकदम वाकलात तर ते दचकतं आणि कप हिंदकळतो. (बायकांनी ‘पडते’ म्हणावं की ‘पडतो’? कोल्हापुरात पुष्कळ बायका ‘येतो, जातो’ असंच बोलतात. तुम्हाला जे सवयीचं असेल ते बोला.)

मग कमरेतून वाका, गुडघे थोडे सैल सोडून. गुडघे ताठ ठेवले की पाठीला ओढ बसते आणि माणूस मध्येच थांबतं. गुडघ्याला हात लावून सटकणारी मंडळी तयार होतात ती इथंच. बोटांची टोकं पायाच्या चवड्याला हलकेच लागली की पुरे. पाय दाबायचा नाही, धरायचा नाही. दोन्ही हात वापरा. एक हात लावला तरी चालतं, पण तो उजवा हवा. उजव्या हातानं उजवा पाय आणि डाव्यानं डावा, असे हात एकमेकांवरून नेऊन नमस्कार करायची शास्त्रोक्त पद्धत आहे. गुरुजी तसं सांगतात, घरात कुणी ते बघत नाही.

पायाला लागलेले हात आपल्या कपाळाला लावा, आणि वाकलेलेच थांबा. मनात एक-दोन म्हणण्याइतका वेळ. या वेळात त्यांचा हात तुमच्या डोक्यावर येतो. तो आला, चार शब्द कानावर पडले, की सावकाश उभे राहा. मग उजव्या हातानं दोन पानं त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.” पानं आधी आणि नमस्कार नंतर, असंही कुठं कुठं करतात. मी नमस्कार आधी सांगते, कारण पानं हातात असली की आजीला डोक्यावर ठेवायला हात मोकळा राहत नाही.

समोरचं माणूस मांडी घालून बसलं असेल तर पाय शोधू नका. मांडीखालून पाय ओढून काढणारे जावई मी पाहिलेत. गुडघ्याजवळ हात लावा, किंवा त्यांच्या पुढ्यात जमिनीला हात लावून कपाळाला न्या. ते स्वतः पाय मोकळा करत असतील तर क्षणभर थांबा.

माणूस झोपलेलं असेल तर पाया पडू नका. आडव्या माणसाच्या पाया पडणं अशुभ समजतात, कारण तसा नमस्कार गेलेल्या माणसाला करतात. अंथरुणाला खिळलेले आबा असतील तर त्यांना उशी लावून बसवेपर्यंत थांबा. बसवता येत नसेल तर उशाशी जाऊन त्यांचा हात हातात घ्या आणि तो आपल्या कपाळाला लावा. ही तोड मला माझ्या आत्यानं शिकवली, आणि आजवर त्यावर कुणी नाक मुरडलेलं नाही.

जेवणारं माणूस, पूजेला बसलेलं माणूस आणि सुतकातलं माणूस यांच्याही पाया पडत नाहीत. पहिल्या दोघांसाठी नुसतं थांबायचं. सुतक असेल तर त्या घरी दसऱ्याचं सोनं द्यायलाही जात नाहीत, म्हणून तर आधी विचारायचं.

तपासा: उभं राहताना मागं बघा. जोडीनं किंवा रांगेत पाया पडताना मागचा माणूस त्याच वेळी वाकलेला असतो आणि डोक्याला डोकं लागतं. नवरा-बायको असाल तर शेजारी उभे राहून एकदम वाका, एकामागून एक नको. मोठं जोडपंही शेजारी बसलं असेल तर दोघांच्या एकत्रच पाया पडता येतं.

## टप्पा ४: ‘असू दे, असू दे’ म्हणजे काय

बाहेरून आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त चकवणारी जागा हीच. तुम्ही वाकायला लागता आणि काकू म्हणतात, “असू दे, असू दे.” किंवा “राहू दे की आता.” हा नकार नसतो. तो आशीर्वादाचाच आधीचा भाग आहे, ‘एवढं कशाला’ या अर्थाचा. तुम्ही तिथंच थांबून सरळ झालात तर काकूंचा उचललेला हात हवेत राहतो. नमस्कार पुरा करा.

खरा नकार हातानं येतो. समोरचं माणूस तुम्हाला दोन्ही दंडांना धरून वर उचलतं, किंवा स्वतः दोन पावलं मागं सरतं. मग आग्रह करू नका. जिथं आहात तिथं हात जोडा आणि मान झुकवा. बायकोचा थोरला भाऊ बहुतेक वेळा असा वर उचलतो आणि मिठी मारतो. त्याला मिठीच मारायची, पुन्हा खाली वाकायचं नाही.

तिसरा प्रकार माळकऱ्यांचा. गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी मामा किंवा आजोबा असतील, तर तुम्ही वाकताच तेही तुमच्या पायाशी वाकतात. वारकरी लहान-मोठं न बघता एकमेकांच्या पाया पडतात. यात घाबरण्यासारखं किंवा त्यांना अडवण्यासारखं काही नाही. तुम्हीही पुरतं वाका, दोघांचे नमस्कार एकमेकांना पोचतात. “अहो, तुम्ही कशाला!” म्हणून पाय मागं घेणं हीच इथली चूक.

शेजारचे मुसलमान चाचा सोनं घ्यायला आले तर त्यांच्या पायाला हात लावू नका. माणसापुढं वाकणं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना रुचत नाही, आणि कुणी त्यांच्यापुढं वाकलं तर ते अवघडतात. हातात पानं द्या, सलाम किंवा नमस्कार करा, बास.

## टप्पा ५: तुम्हाला वाकता येत नसेल किंवा वाकायचं नसेल

कंबरदुखी, गरोदरपण, गुडघ्याचं ऑपरेशन, नाहीतर तुमचा धर्म किंवा मत. कारण काहीही असो, ते ऐन वेळी सोप्यात सांगायचं नाही. नवऱ्यानं किंवा बायकोनं आदल्या दिवशी घरच्या एका माणसाला सांगून ठेवावं, शक्यतो आत्याला. आत्याला कळलं की घरभर कळतं.

मग प्रत्येकापुढं नीट थांबा, हात जोडा, मान आणि खांदे झुकवा आणि म्हणा, “वाकता येत नाही, इथूनच नमस्कार.” आणि थांबा. त्यांचा हात डोक्यावर येऊ द्या. पाय न शिवताही नमस्काराचा दुसरा भाग असा पुरा होतो. मनापासून पटत नसताना तोंड वेंगाडून अर्धं वाकण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं.

## टप्पा ६: कुणी तुमच्या पाया पडलं तर

लग्न होऊन सहा महिने झाले नाहीत आणि दहा वर्षांचा पुतण्या तुमच्या पायाशी वाकतो. सव्वीसाव्या वर्षी तुम्ही काकी झालेल्या असता. नवखं माणूस इथं उडीच मारतं, नाहीतर पाय खुर्चीखाली घेतं. मग पोराला काही कळत नाही, आणि त्याची आई हसते.

पाय जुळवून जमिनीवर ठेवा, चप्पल असेल तर काढा. उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवा आणि काहीतरी बोला. मुक्यानं आशीर्वाद देऊ नका. पोरांना “औक्षवंत हो”, “मोठा हो”, “खूप शीक” चालतं. मोठ्या मुलामुलींना आणि जोडप्यांना “सुखी राहा”. “अखंड सौभाग्यवती भव” हा आशीर्वाद थोरल्या बायका देतात. तुमच्या तोंडी तो अवघडत असेल तर “सुखी राहा” कुठंही कमी पडत नाही.

पर्समध्ये पन्नास-शंभराच्या काही नोटा सुट्या ठेवा. पहिल्या दसऱ्याला लहान पोरांच्या हातात काही ठेवायची अनेक घरांत पद्धत असते. आजी तुमच्या हातात नोट दाबेल तेव्हा “नको नको” एकदाच म्हणा. दुसऱ्यांदा घ्या, कपाळाला लावा आणि ठेवून द्या. पाकीट तिथंच उघडायचं नाही.

## कानपूरकरांचा दुसरा दसरा

आता हे सगळं एका संध्याकाळी कसं बसलं ते बघा. सीमोल्लंघन आटोपून ती दोघं साडेसातच्या सुमारास आली. सोप्यात नऊ माणसं होती. जावईबापूंनी सगळ्यांना एकदा हात जोडले आणि बायकोच्या मागोमाग देवघरात गेले. तिथून आजीकडं. आजी लसूण सोलत मांडी घालून बसली होती. दोघं शेजारी उभी राहून वाकली, त्यानं आजीच्या पुढ्यातल्या जमिनीला हात लावून कपाळाला नेला. आजी म्हणाली, “असू दे, असू दे. हात लसणाचं हाईत माझं.” तो थांबला. तिनं मनगटाची मागची बाजू त्याच्या केसांवर टेकवली आणि म्हणाली, “लई मोठं व्हा.”

सोप्यात आल्यावर आबा आणि काकू, मग थोरले काका-काकी, मग आत्या. आत्याशी चुकलंच. ती चहाचा ट्रे घेऊन आली होती आणि तो काही न बोलता वाकला. ट्रे डगमगला, दोन कप सांडले. आत्या म्हणाली, “जावईबापू, सांगून तरी वाका की!” सगळे हसले, फरशी पुसली, आणि ट्रे खाली ठेवून तिनं त्याला पुन्हा वाकायला लावलं. माळकरी मामांनी तो वाकताच स्वतः खाली हात घातला. त्याला मी आधी सांगितलं होतं, त्यामुळं तो मागं सरला नाही. मेहुण्यानं दंडाला धरून वर घेतलं. नऊ माणसांना पंधरा मिनिटं लागली असतील.

## टप्पा ७: निघताना

निघतानाचा नमस्कार विसरतात, आणि दसऱ्याखेरीज इतर वेळी तोच जास्त लागतो. रोज एका घरात राहत असाल तर रोज पाया पडायची अपेक्षा बहुतेक घरांत नसते. परगावी निघताना, परगावाहून आल्यावर, वाढदिवसाला, परीक्षेच्या किंवा नव्या नोकरीच्या दिवशी, नवी गाडी दारात आली की, लग्नकार्यात, आणि पाडवा-संक्रांतीसारख्या सणांना मात्र असते. सोनं द्यायला आलात आणि लगेच निघालात तर पुन्हा सगळ्यांच्या पाया पडायची गरज नाही. आजी आणि सासू-सासरे एवढ्यांच्या पडा, बाकीच्यांना हात जोडा.

सून किंवा लेक निघत असेल तर काकू हळदीकुंकू लावतील, कदाचित ओटी भरतील. नमस्कार त्याच्यानंतर करायचा. आधी केलात तर कुंकू लावल्यावर पुन्हा वाकावं लागतं.

उंबरा ओलांडताना “जातो” म्हणू नका, “येतो” म्हणा. आतून “या” असं ऐकू आलं की चपला घाला.